मिक्सरचं मॅन्युअल लिहितोयस ना, मग हे बघ

भावा, सगळ्या वॉर्निंग पहिल्या पानावर कोंबू नकोस, कोणी वाचत नाही. तिथं फक्त जिवाशी खेळ होणाऱ्या ठेव, म्हणजे शॉक, पातं, लहान मुलं. बाकीच्या ज्या त्या स्टेपच्या आधी टाक, नंतर नाही, कारण माणूस वाचत वाचतच हात घालतो. "भांड्यात चमचा घालण्याआधी प्लग काढा" हे वाक्य चमच्याच्या आधीच यायला पाहिजे.

मग भाग, जोडणी, वापर, सफाई, आणि शेवटी ट्रबलशूटिंग. ते "मोटर ओव्हरलोड" अशा नावानं लिहू नकोस, बाईला घरात जे दिसतं तेच लिही, "मिक्सर मध्येच बंद पडला". आपल्या सांगलीत हळकुंडं अख्खीच टाकतात, पातं अडकतं, मोटर तापते आणि ओव्हरलोड स्विच उडतो. तर उपाय क्रमानं दे: स्विच बंद, प्लग काढा, भांडं उतरवून माल कमी करा, मोटर गार होऊ द्या, मग बुडाशी असलेलं लाल बटण दाबा. बटण कुठं आहे त्याचं चित्र तिथंच पाहिजे, पान उलटायला लावू नकोस. परत परत उडत असेल किंवा जळका वास येत असेल तर "वापर थांबवा, सर्व्हिस सेंटरला दाखवा" हे त्याच ओळीखाली ठळक लिही, नाहीतर लोक बटण दाबतच बसतात आणि वाइंडिंग जळतं.