‘ही कोणावर गेली?’

कॅनडातल्या मिसिसॉगाहून एका आईचं पत्र आलं आहे. प्रश्न चार आहेत, पण बहुतेक जागा मी पहिल्यालाच देणार. बाकीचे थांबू शकतात, हा थांबणार नाही.

त्या लिहितात: ‘दर डिसेंबरात आम्ही पार्ल्याला सासरी येतो. मुलगी तेरा वर्षांची, धाकटा नऊचा. तो बाबांसारखा गोरा, ती सावळी. दारात पाऊल ठेवलं की सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात सगळे गोरे, ही कोणावर गेली कोण जाणे! मग रोज सकाळी तिच्या एकटीच्या तोंडाला डाळीचं पीठ आणि साय. रापेल म्हणून जुहूला पाठवत नाहीत. यंदा ती म्हणते, मी मुंबईला येणारच नाही. खरं तर ती काही काळी नाही हो, सावळीच आहे. मी तिला समजावते, रंगाचं काय, मन सुंदर हवं.’

तुमचा जीव किती तुटत असेल ते मला कळतं. वर्षभर पैसे साठवून तिकिटं काढायची, आणि पोरीने आजीच्या घराचाच धसका घ्यायचा. तरी आधी तुम्हालाच थोडं रागावते. ‘काळी नाही हो’ हे कोणाला पटवून देताय? ती काळीभोर असती तर सासूबाईंचं बरोबर ठरलं असतं का? आणि ‘मन सुंदर हवं’ ऐकून तेरा वर्षांच्या मुलीला एवढंच कळतं, की चेहऱ्याच्या बाबतीत आईनेही आशा सोडली आहे.

आता ‘घराण्यात सगळे गोरे’ या वाक्याकडे येते. कोकणस्थ असोत, सीकेपी असोत की सारस्वत, हे वाक्य मी सगळ्यांकडे ऐकलंय, आणि एकाही घरात ते खरं निघालेलं नाही. आमच्या गिरगावच्या घरी आजोबा घाऱ्या डोळ्यांचे, लख्ख गोरे. आजी सावळी. मुलं सगळ्या छटांची झाली. मधल्या आत्याचं नाव दादरच्या एका वधूवर मंडळात घालायला आजोबा गेले, तेव्हा फॉर्मवर उंची आणि गोत्र यांच्यामध्ये ‘वर्ण’ असा रकाना होता. त्यांनी ‘सावळी’ लिहिलं. खिडकीतले गृहस्थ अगदी कळवळून म्हणाले, ‘काका, निमगोरी लिहा. सावळी लिहिलंत तर स्थळंच येणार नाहीत.’ आजोबांनी खोडून निमगोरी लिहिलं. मग बघायला येणारा प्रत्येकजण आत्याच्या तोंडाकडे बघून मनातल्या मनात फॉर्म तपासायचा. तिच्यापेक्षा कमी शिकलेल्या धाकटीचं लग्न आधी झालं.

एकाच आईबापांची मुलं अशी वेगळी का होतात? रंग ठरवणारी जनुकं अनेक असतात. त्यांतल्या एका महत्त्वाच्या जनुकाचा उजळ प्रकार युरोपात जवळजवळ सगळ्यांत आढळतो, आपल्याकडे कमीजास्त प्रमाणात. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१३ सालच्या अभ्यासानुसार भारतीयांमधला आणि युरोपीयांमधला हा प्रकार मुळात एकाच पूर्वजाकडून आलेला आहे. या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. समजा तुमच्याकडे आणि तुमच्या यजमानांकडे एकेक उजळ आणि एकेक गडद प्रत आहे. मग मुलाला दोन्ही उजळ मिळू शकतात आणि मुलीला दोन्ही गडद. बाकीची जनुकंही अशीच वाटली जातात. म्हणजे ती जितकी तुमच्यावर गेली आहे, तितकीच सासूबाईंच्या घराण्यावरही गेलेली असू शकते.

मग गोरेपणाची ही प्रतिष्ठा आली कुठून? इंग्रजांवर सगळं ढकलू नका. त्यांच्या आधीपासून ज्यांच्या बायकांना उन्हात लावणी-कापणीला जावं लागायचं, ती घरं खालची मानली जायची. माजघराबाहेर न पडणारी बाई म्हणजे खातंपितं घर. उन्हात राबायचं कोणी हे बहुतेक जातच ठरवत होती. त्यामुळे रापलेल्या कातडीवरून लोक कष्ट वाचायचे आणि कष्टावरून जात.

इंग्रजांनी याला छापील पुस्तकाचा मान दिला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये जातींची वर्णनं करताना कोण उजळ, कोण काळे हे नोंदवलं आहे. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली यांनी नाकं मोजली. रुंदीला लांबीने भागायचं, शंभराने गुणायचं, आणि आकडा जितका मोठा तितकी जात खालची, असा त्यांचा दावा होता. वरच्या जाती म्हणजे गोऱ्या आर्यांचा वंश, ही कल्पना त्यातून पक्की झाली. राज्यकर्ता गोरा, नोकरी त्याच्या हातात, अशा काळात त्याच्याशी वांशिक नातं सांगायला आपल्या शिकलेल्या लोकांना आवडलंच. माझे पणजोबा ते अभिमानाने सांगत.

पण हा दावा तपासला गेला, तोही मुंबईतच. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली रिझलींचेच आकडे पुन्हा मांडले. आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात ते जातींच्या उतरंडीशी काहीसे जुळत होते. त्याबाहेर, आपल्या महाराष्ट्रातही, उतरंड आणि नाकं यांचा मेळ बसेना. डॉ. आंबेडकरांनी १९४८च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात घुर्यांच्याच आकड्यांवरून दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. पार्ल्याच्या दिवाणखान्यात अजून रिझली बोलतोय, एवढं तुमच्या यजमानांना सांगा.

हो, यजमानांनाच. सासूबाईंशी त्यांनी बोलायचं, तुम्ही नाही. सून बोलली की भांडण होतं, मुलगा बोलला की आई ऐकते. डिसेंबरच्या आधी, फोनवर, आजूबाजूला कोणी नसताना: ‘आई, तिच्या रंगाबद्दल तिच्यासमोर नाही आणि तिच्यामागेही नाही. उटणं दिवाळीला सगळ्यांना, एरवी कोणालाच नाही. जुहूला दोघंही जातील.’ पाहुण्यांपैकी कोणी ‘कोणावर गेली?’ विचारलंच, तर बाबानेच उत्तर द्यायचं, ‘माझ्यावर.’ लेकीला इतिहास सांगा, तिला तो समजेल. विठोबा काळा, कृष्ण काळा, हे मात्र नको. त्या भक्तीने आमच्या आत्याला एकही स्थळ आलं नाही.

आणि तिला हेही सांगा, की २०२० साली एका मोठ्या भारतीय विवाह संकेतस्थळावरची कातडीच्या रंगावरून स्थळं निवडायची सोय निघाली, ती उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या आपल्याच मुलींनी याचिका केल्यावर. दूर राहून हे करता येतं.

सासूबाईंनी बॅगेत क्रीम दिलं, तर ट्यूबवरची नावं वाचा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, थांबवलं की मुरमं उसळतात. ज्यावर घटकच छापलेले नाहीत त्यात पाराही असू शकतो, आणि तो मूत्रपिंडाला मारतो. अशी डबी विमानातही न्यायची नाही.

आता बाकीचं. धाकट्याची मुंज मुंबईत करायची असेल तर हॉल आताच धरा, सुट्टीच्या दिवसांत ऐनवेळी मिळत नाही. मुलं मराठी समजून इंग्रजीत उत्तर देतात, तर देऊ देत, तुम्ही मराठी सोडू नका. पार्ल्याच्या फ्लॅटच्या नॉमिनेशनबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीला नाही, वकिलाला विचारा.

यजमानांचा फोन झाला की मला कळवा. सासूबाई काय म्हणाल्या, तेही लिहा.