रिकाम्या कपॅसिटीचा खर्च स्टॉकमध्ये घुसवू नकोस

हे बघ, आधी नॉर्मल कपॅसिटी नीट ठरव. मशीनच्या पाटीवर लिहिलेला आकडा नाही, तर ठरलेला मेंटेनन्स वजा करून काही वर्षांत सरासरी जेवढं प्रॉडक्शन खरंच निघू शकतं तेवढा. समज महिन्याला 10,000 नग, फिक्स्ड ओव्हरहेड, म्हणजे प्रॉडक्शन कमी-जास्त झालं तरी तेवढाच राहणारा कारखान्याचा खर्च, 5 लाख, म्हणजे नगाला 50 रुपये. आता ऑर्डर कमी आल्या आणि 7,000च नग झाले, तर नवखा माणूस सरळ 5 लाखाला 7,000 ने भागतो आणि रेट 71 च्या वर जातो, मग 2,000 नग गोडाऊनमध्ये पडून असले की स्टॉक जवळपास 43 हजारांनी फुगतो आणि नफा उगाच जास्त दिसतो. ऑडिटर हेच पहिलं पकडतात बरं का!

रेट 50 च ठेवायचा. न झालेल्या 3,000 नगांचे दीड लाख त्याच महिन्यात थेट प्रॉफिट अँड लॉसला, स्टॉकच्या किमतीचं अकाउंटिंग स्टँडर्ड एएस 2 पण हेच सांगतं. मटेरियल, पॉवर असले व्हेरिएबल खर्च यात धरू नकोस, काम झालं नाही तर ते लागलेच नाहीत ना. उलट प्रॉडक्शन 12,500 झालं तर मात्र रेट 40 वर आण, नाहीतर झालेल्या खर्चापेक्षा जास्त रक्कम स्टॉकवर चढेल.