ऑपेरातला ज्युलियस सीझर बायकी आवाजात का गातो?

"यूट्यूबवर हँडेलचा सीझर बघितला. एवढा मोठा सेनापती आणि बायकी आवाज? वर त्यात एका मुलाचं काम बाईच करतेय. असं का?"

मलाही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा असंच खटकलं होतं. पण 'बायकी' हा शब्द आपण आजच्या कानाने लावतोय, १७२४ साली लंडनला हे पहिल्यांदा झालं तेव्हा लोकांना त्या आवाजात नायकच ऐकू येत होता. त्या काळच्या इटालियन ऑपेरात उंच पट्टी म्हणजे तरुण, राजघराण्यातला, शूर माणूस. जाड खालचा आवाज सेनापतीच्या हाताखालच्याला किंवा म्हाताऱ्याला. याच ऑपेरात अकिला हा इजिप्तचा राजा टॉलेमी याचा सरदार, तो बास म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजाचा आहे बघा, आणि सीझर व टॉलेमी दोघेही वरच्या पट्टीत.

सीझरचं काम तेव्हा सेनेसिनोने केलं, तो कास्त्रातो होता. म्हणजे वयात येण्याआधीच, साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलाचं ऑपरेशन करून अंडकोष निकामी करायचे. त्यामुळे मुलाचा आवाज फुटायचा नाही, स्वरतंतू आखूडच राहायचे, पण हाडांची वाढ उशिरापर्यंत चालू राहायची म्हणून हातपाय लांब आणि छाती मोठी व्हायची. लहान मुलाचा गळा आणि मोठ्या माणसाची फुप्फुसं, वर कित्येक वर्षांची कडक तालीम. यात मुलाच्या मर्जीला फारशी किंमत नसायची, बहुतेक गरीब घरातली मुलं असायची, कायद्याने गुन्हाच होता म्हणून घोड्यावरून पडला वगैरे कारणं सांगायचे, आणि यातले मोजकेच प्रसिद्ध झाले. त्या सुंदर गाण्यामागे हे आहे, ते विसरून ऐकणं मला जमत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बाई मुलाचं काम का करते. तो मुलगा सेक्स्टस, सीझरचा शत्रू पॉम्पे याचा, १७२४ ला ते काम मार्गेरिता दुरास्तांतीने केलं. याला ट्राउझर रोल म्हणतात. तेव्हा विचार साधारण असा असायचा की पात्राला कुठली पट्टी हवी ते आधी ठरवा, मग ती पट्टी ज्याच्याकडे आहे तो कास्त्रातो असो की बाई, त्याला घ्या. दुसऱ्याच वर्षी तोच रोल बोरोसिनी या टेनरसाठी, म्हणजे पुरुषाच्या वरच्या आवाजाच्या गायकासाठी, बदलून लिहिला, म्हणजे हँडेलला त्यात काही पवित्र वाटत नव्हतं. आणि याचा सगळ्यात भारी पुरावा १७२५ च्या नेपल्समधला: हासे या संगीतकाराच्या एका छोट्या रचनेत क्लिओपात्रा गायली फारिनेल्लीने, म्हणजे कास्त्रातोने, आणि तिचा अँटनी झाली व्हित्तोरिया तेसी. सोप्रानो पट्टी फारिनेल्लीची, तेसीचा आवाज खालचा कॉन्ट्राल्टो, त्यामुळे वरचे सूर 'राणी'ला आणि खालचे 'सेनापती'ला, फक्त आत शरीरं उलटी.

पुढे कास्त्राती कमी होत गेले, १८१३ ला रोसिनीचा तांक्रेदी हा शूर नायक बाईच गायली, नंतर तरुण नायकाचं काम टेनरकडे गेलं आणि आवाजाची उंची ही पुरुषाची की बाईची एवढ्याच प्रश्नाशी जोडली गेली. बायकांकडे उरली जास्त करून पोरगेल्या वयाची मुलं. मोझार्टचा केरुबिनो १७८६ पासूनच तसा होता, प्रेमात पडलेला पण अजून मिशी न फुटलेला. म्हणून आपल्या कानाला सीझर 'बायकी' वाटतो, तो १९व्या शतकाचा कान आहे.

विसाव्या शतकात जर्मनीत हा ऑपेरा परत उभा केला तेव्हा १९२२ ला गटिंगनमध्ये सीझर बॅरिटोनला, म्हणजे पुरुषाच्या खालच्या आवाजाच्या गायकाला दिला, म्हणजे गाणं एक सप्तक खाली. दिसायला पुरुषी झालं, पण पात्रांचे सूर असे खाली नेले की मूळ रचना बिघडते, आणि का ते सेक्स्टसच्या उदाहरणात, पहिल्या अंकाच्या शेवटच्या सोन नाता आ लाग्रिमार या ड्यूएटमध्ये कळतं. सैनिक सेक्स्टसच्या आईला, कॉर्नेलियाला, एकीकडे आणि सेक्स्टसला दुसरीकडे ओढून नेतायत, आणि ते निरोप घेतायत. आई कॉन्ट्राल्टो, मुलगा सोप्रानो, म्हणजे मुलाचा सूर आईच्या वर. दोन आवाज एकमेकांच्या इतके जवळ चालतात की कोण कुणाचं रडतंय ते क्षणभर कळत नाही. मुलाचा सूर सप्तकभर खाली नेला की तो आईच्या खाली जातो, जे दोन सूर खांद्याला खांदा लावून तीन स्वरांच्या टप्प्यात होते त्यांच्यात सहा स्वरांची फट पडते, आणि ती मिठी सुटते. दोन बायका गातायत असं एखादं रेकॉर्डिंग लावा, डोळे मिटून ऐका आणि फक्त वरचा सूर कोणाचा आहे तेवढं लक्षात ठेवा.