ए टू झेड गोष्ट लिहायची असेल तर सुरुवात झेडकडून करा

प्रश्न: मुलीला शाळेत इंग्लिश गोष्ट लिहून न्यायचीये, पहिलं वाक्य ए ने सुरू, दुसरं बी ने, असं झेडपर्यंत. आम्ही जी-एचपर्यंत मजेत जातो आणि मग गोष्ट भरकटतेच. कशी लिहायची?

मी पाचवी-सहावीच्या मुलांना इंग्लिश शिकवते आणि हा प्रकार दरवर्षी करून घेते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमची गोष्ट जी-एचला भरकटते कारण तोपर्यंत सोपी अक्षरं असतात म्हणून माणसं वाढत जातात, अँट येते, बेअर येतो, कॅट येते, प्रत्येक अक्षराला नवीन प्राणी, आणि मग इतक्या जणांचं करायचं काय हेच कळत नाही. म्हणजे ती गोष्ट राहतच नाही, तक्ता होतो.

यातली खरी अडचण एक्स किंवा क्यू नाहीये. आपण इंग्लिशमध्ये गोष्ट सांगताना निम्मी वाक्यं 'द', 'शी', 'ही', 'दे' यांनी सुरू करतो, आणि इथे 'ही' मिळतो थेट आठव्या वाक्याला, 'शी' एकोणिसाव्या, 'द' आणि 'दे' विसाव्या, तेही यातला एकच. हिरोचं नाव पण वाक्याच्या सुरुवातीला एकदाच वापरता येतं. मग बाकीची वाक्यं सुरू कशी करायची? संवादाने. माणसं बोलताना प्रश्न विचारतात, हुकूम सोडतात, नाही म्हणतात, आणि हे सगळं कुठल्याही अक्षराने सुरू होऊ शकतं: डोन्ट, गिव्ह, हाऊ, जस्ट, लुक, नो, प्लीज, वेट. नाटकवाले इम्प्रोव्हचा, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते बोलण्याचा, एक खेळ खेळतात, त्यात दोघं बोलत असतात आणि प्रत्येकाचा डायलॉग पुढच्या अक्षराने सुरू व्हावा लागतो, तो खेळ चालतो तो ह्याच कारणाने.

तर पात्रं दोन-तीनच घ्या, आणि एकच अडचण घ्या जी सोडवायला वेळ लागेल. माझं नेहमीचं उदाहरण म्हणजे बंटी आणि मीरा खेळत असतात आणि बॉल खड्ड्यात पडतो, अरुंद आणि खोल खड्डा, हात पोचत नाही. आता लगेच ए लिहायला बसू नका. आधी यू ते झेड एवढी सहा वाक्यं ठरवा, कारण शेवट तिथेच होणारे आणि तिथेच शब्द कमी आहेत. बॉल आतून पोकळ, रबरी आहे, म्हणजे तो तरंगतो, म्हणजे खड्ड्यात पाणी ओतलं की वर येईल, हा झाला शेवट. यू ला 'अप पॉप्ड द बॉल.' व्ही ला 'व्हेरी वेट, द फ्रॉग सॅट ऑन टॉप.' म्हणजे खड्ड्यात बेडूक राहतोय हे इथे ठरलं, आता ते आधीच्या भागात पेरून ठेवायचं. डब्ल्यू ला मीरा म्हणते, 'वी आर सॉरी अबाउट युअर हाउस.'

आता एक्स. सगळे झायलोफोन आणतात, नाहीतर एक्स-रे, आणि गोष्टीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. एक्सायटेड, एक्झॅक्टली चालत नाहीत, ते ई ने सुरू होतात, आणि स्पेलिंग मोडून नुसता एक्स लिहिला तर शाळेत बाई कापणारच. गोव्यात किंवा वसईकडे झेवियर नावाचा मित्र आणता येईल, ते अगदी खरं वाटतं, पण सव्वीस वाक्यांपैकी चोविसाव्याला उगवलेला झेवियर कोण हा प्रश्न राहतो, त्याला आधी कुठेतरी वाक्याच्या मध्ये आणून ठेवावा लागेल. माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ते अक्षरच वस्तू म्हणून वापरायचं, फुलीची खूण. 'एक्स, शी ड्रू इन द मड विथ द स्टिक, सो दॅट नोबडी वुड बोल देअर अगेन.' बेडकाच्या घरावर कोणी बॉलिंग करू नये म्हणून मीराने काठीने चिखलात फुली काढली. मग वाय ला बेडूक म्हणतो, 'युअर टर्न टू बोल,' आणि झेड ला 'झिप वेन्ट द बॉल.' झोपून घोरण्याचा झेड सगळ्यांच्या गोष्टीत असतो, तो टाळला तर बरं.

आता या फुलीमुळे एक काठी लागली, म्हणून ती सी ला आणली. सुरुवात अशी होते: 'अ बॉल रोल्ड इंटू अ होल. बंटीज हँड कुड नॉट रीच इट. कुड अ स्टिक? डोन्ट पोक मी, सेड अ व्हॉइस. एव्हरीवन जम्प्ड बॅक. फ्रॉग्ज लिव्ह हिअर, सेड द व्हॉइस.' बघा, सहाव्या वाक्यापर्यंत अडचण, पात्रं, काठी, बेडूक सगळं आलं आणि एकही प्राणी अक्षरासाठी ओढून आणलेला नाही. मधला भाग हा नुसता प्रयत्नांचा, के ला 'किकिंग डिड नॉट हेल्प', एल ला लिटल मीरा नळाकडे बघते, ओ ला 'वन बकेट वॉज नॉट इनफ', क्यू ला 'क्वाएटली द वॉटर रोज'. क्विकली, क्वाएटली हे क्यूचे हक्काचे शब्द, राणीला बोलवायची गरज नाही.

मुलगी हे वर्गात वाचून दाखवणार असेल तर एक गोष्ट बघाच. ऐकणारी मुलं अक्षर कानाने पकडतात. ई ला 'आइज शोन इन द डार्क' लिहावंसं वाटतं, स्पेलिंग बरोबरच आहे, पण कानाला आय हे अक्षर ऐकू येतं. तसंच 'यू' म्हणजे तू हे वाय चं वाक्य, पण ऐकायला यू. 'व्हाय' हे डब्ल्यू चं, ऐकायला वाय सारखं. 'नी', 'नाइफ' मध्ये के गायब. म्हणूनच मी वर वाय ला 'युअर' घेतलं, आणि वन ला पण खरं तर हाच प्रॉब्लेम आहे, ओ ला 'ऑफ शी रॅन फॉर अ बकेट' केलंत तर कानाला जास्त बरं, बकेट पुरली नाही हे पुढच्या पी च्या वाक्यात, 'पोअरिंग अँड पोअरिंग', आपोआप कळतं.

लिहून झालं की चेक करायची सोपी पद्धत: प्रत्येक फुलस्टॉप, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्हाच्या लगेच पुढचं कॅपिटल अक्षर पेन्सिलने गोल करा आणि फक्त गोल वाचत जा. मुलं हमखास चुकतात ती अवतरणचिन्हाच्या आत. 'गिव्ह इट बॅक! वी आर वेटिंग,' असं बंटी म्हणाला की जी च्या मागोमाग डब्ल्यू आला आणि ओळ तुटली. एका अक्षराला माणसाने एकच वाक्य बोलायचं, दोन बोलायची असतील तर मध्ये स्वल्पविराम घालून जोडा. 'शाउटेड मीरा' वगैरे पुढे आलं तर हरकत नाही, ते त्याच वाक्याचा भाग आहे, आणि म्हणून शाउटेडचा एस छोटाच ठेवायचा.

वाक्यं पाच ते दहा शब्दांची ठेवा. सव्वीस वाक्यांची दीड-दोनशे शब्दांची गोष्ट होते, दोन मिनिटांच्या आत वाचून होते. एक्सचं वाक्य जरा लांब झालं तरी चालेल. आणि शाळेने चित्र काढायला सांगितलं असेल तर फुली असलेला खड्डा काढू द्या तिला.