पहिल्या सॅम्पलच्या दुरुस्त्या सॅम्पल रूमला कशा लिहून कळवायच्या?

प्रश्न: माझा कॉटनच्या लेडीज शर्टांचा छोटा ब्रँड आहे. सोलापूरच्या एका युनिटकडून पहिला सॅम्पल आलाय, पण मापं स्पेकशी जुळत नाहीत. मास्टरना पत्रात नेमकं काय लिहू? नुसता फरकांचा तक्ता पाठवला तर चालेल का?

उत्तर:

नुसत्या तक्त्यावर काम भागत नाही. ‘उंची 2 सें.मी. कमी’ एवढंच वाचलं की मास्टर पॅटर्न 2 सें.मी.ने वाढवतील. पण उंची पॅटर्नमध्येच कमी होती, कापड धुण्यात आटलं, की माया जास्त दाबली गेली, हे त्या आकड्यातून कळत नाही. म्हणून प्रत्येक फरकापुढे तुम्हाला दिसलेलं कारण आणि काय करायचं ते लिहा. ‘काय करायचं’ याची तीनच उत्तरं असतात. माप स्पेकवर आणा, स्पेकच बदला, किंवा आलंय तसंच राहू द्या. यातलं एकही लिहिलं नाही तर मास्टर अंदाजाने ठरवतात आणि दुसरा सॅम्पल नव्या चुका घेऊन येतो.

मी स्वतः शर्ट आणि कुर्त्यांचं डिझाइन करते. एम साइझच्या, धुऊन द्यायच्या शर्टाचं उदाहरण घेते. शर्ट टेबलावर सपाट पसरून, बटणं लावून, न ताणता मोजला. उंची 70 हवी, आली 68. बाही खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत 58 हवी, आली 56.4. छाती सपाट, मुंढ्याखाली 2.5 सें.मी.वर 50 हवी, आली 49.6. खांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत 38 हवा, आला 39.2.

आता हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघा. उंची जवळपास 2.9 टक्के कमी आहे, बाही 2.8 टक्के. दोन्ही उभ्या धाग्यावर कापतात आणि दोन्ही जवळजवळ एकाच प्रमाणात घटल्यात. छाती आडव्या धाग्यावर येते, तिथे घट एक टक्क्याच्याही आत आहे. म्हणजे कापड उभ्या दिशेने आटलंय असा दाट संशय घ्यायला हवा. खांदा मात्र वाढलाय, आणि आटण्याने खांदा वाढत नाही. त्याचं कारण वेगळं शोधायचं. शर्ट उलटा करून मुंढ्याची माया मोजा. ठरलेली 1 सें.मी. माया तिथे पूर्ण असेल तर शिवणकाम बरोबर आहे, चूक पॅटर्नमध्ये आहे. माया 1 सें.मी.पेक्षा कमी भरली तर कारागिराने ती कमी दाबली आहे, मग पॅटर्नला हात लावायचा नाही. आपल्या शर्टात माया 1 सें.मी. भरली असं धरून पत्र असं होईल:

“नमस्कार मास्टर,

लेडीज शर्ट, पहिला फिट सॅम्पल, साइझ एम. सगळी मापं सें.मी.मध्ये, एका धुण्यानंतर आणि इस्त्री करून गार झाल्यावर घेतलेली.

उंची, खांद्याच्या गळ्याकडच्या सर्वांत उंच टोकापासून: स्पेक 70, सॅम्पल 68, 2 कमी. बाही: स्पेक 58, सॅम्पल 56.4, 1.6 कमी. दोन्हीचं कारण कापडाचं आटणं वाटतंय. कापताना पॅटर्न 70 आणि 58 चाच होता का, ते कळवा. तसं असेल तर धुतल्यावर 70 आणि 58 येतील असा पॅटर्न करा. स्पेक बदललेलं नाही.

छाती: स्पेक 50, सॅम्पल 49.6. टॉलरन्समध्ये आहे, आडव्या दिशेला काही वाढवू नका.

खांदा: स्पेक 38, सॅम्पल 39.2, एकूण 1.2 जास्त. मुंढ्याची माया बरोबर आहे, पॅटर्न तपासा. प्रत्येक बाजूला 0.6 आत घ्या आणि मुंढ्याच्या खाचेपर्यंत हळूहळू शून्यावर आणा. नंतर मुंढा आणि बाहीची गोलाई पुन्हा जुळवून बघा.

पडताळा: पाठीच्या मध्यापासून कफच्या टोकापर्यंत 77 यायला हवेत, आता 76 येतात.

बटणं: पहिलं आणि दुसरं यांच्या मध्ये शर्ट छातीवर उघडतो. छाती वाढवू नका. दुसरं बटण छातीच्या सर्वांत भरलेल्या भागाच्या रेषेवर आणा, बाकीची त्यापासून समान अंतरावर लावा.

कॉलर, कफ, बाहीची रुंदी आणि खालचा घेर बरोबर आहे. त्यात काही बदलू नका.”

या पत्रातल्या ‘एकूण 1.2’ आणि ‘प्रत्येक बाजूला 0.6’ या दोन शब्दांकडे खास लक्ष द्या. ‘खांदा 1.2 कमी करा’ असं लिहिलं तर दोन्ही बाजूंना 1.2 काढलं जाण्याची पूर्ण शक्यता असते, आणि खांदा 36.8 होऊन बसतो. छातीचंही तसंच. 50 सपाट आहे की 100 गोलाकार, ते स्पेकमध्ये लिहिलेलं नसेल तर आधी लिहा.

77 चा पडताळा का दिलाय? खांदा 0.6 आत गेला की बाहीची शिवणही तेवढीच आत सरकते, आणि कफ मनगटावरून वर चढतो. शर्ट अंगावर घालून बघताना कफ जवळपास जागेवर वाटला तर आपण बाहीबद्दल काही लिहीत नाही. मग दुसऱ्या सॅम्पलमध्ये खांदा नीट बसतो, पण बाही आखूड दिसते. आडव्या रांगेतली मापं एकमेकांना बांधलेली असतात, म्हणून त्यांची बेरीजही कळवायची.

आटण्याचा हिशोबही मास्टरवर सोडू नका. 70 चे 68 झाले, म्हणजे 70 उरायला पॅटर्न 70 भागिले 0.971, साधारण 72.1 हवा. याच रीतीने बाही 59.7. पण हे आकडे सॅम्पलच्या कापडाचे आहेत. सॅम्पलचं कापड आणि ऑर्डरचं कापड बहुतेकदा वेगळ्या लॉटचं असतं आणि वेगळं आटतं. म्हणून ऑर्डरचं कापड आलं की त्यावर 50 बाय 50 सें.मी.चा चौकोन आखून, शर्ट धुवायचा तसाच धुऊन, पुन्हा मोजायला सांगा. उभी बाजू 48.5 आली तर 3 टक्के आटलं. त्या आकड्यावरच अंतिम पॅटर्न ठरवा.

बटणांचा मुद्दा मापांच्या तक्त्यात कधीच सापडत नाही, तो शर्ट अंगावर घालूनच कळतो. शर्ट उघडतोय म्हणून छाती वाढवली तर काखेखाली सैलपणा येतो आणि फट तशीच राहू शकते. बटण हलवूनही तिथे आडव्या ओढल्यासारख्या सुरकुत्या दिसल्या, तर मात्र छाती खरंच घट्ट आहे. मग स्पेक तुम्हीच वाढवायचं, आणि पत्रात ‘नवं स्पेक’ असा शब्द वापरायचा.

दुरुस्तीच्या जागी सॅम्पलवर मास्किंग टेप लावून फोटो काढा, पेनने खुणा करू नका. आणि दुसऱ्या सॅम्पलसोबत युनिटने स्वतः घेतलेल्या मापांचा कागद मागा. त्यांची आणि तुमची मापं जुळत नसतील, तर पॅटर्न बदलण्याआधी व्हिडिओ कॉलवर दोघांनी एकाच वेळी टेप लावून बघा. अशा वेळी फरक बऱ्याचदा मोजण्याच्या सुरुवातीच्या टोकात निघतो, शर्टात नाही.