डिझाइन पूर्ण झालं हे कसं ओळखायचं? मी बारीकसारीक बदल करतच राहते, पण दर्जाही घसरायला नको.

छपाईचं काम असेल तर स्क्रीनवर ठरवू नका, खऱ्या आकारात प्रिंट काढून ठरवा.

नौपाड्यातल्या एका पोळी-भाजी केंद्राचं मेनूकार्ड करताना मी मालकीणबाईंबरोबर आधीच दोन अटी लिहून घेतल्या: भाव हातभर अंतरावरून वाचता यावा आणि नवख्या गिऱ्हाइकाला हवा तो पदार्थ पटकन सापडावा. मग ए४ प्रिंट काउंटरवर दिली. थालीपिठाचा भाव बघताना एक आजोबा खालच्या ओळीत गेले, कारण नाव डाव्या टोकाला आणि भाव उजव्या. हा बदल करायलाच हवा होता. भाव नावाजवळ आणला, पुन्हा प्रिंट काढली, कुणी अडलं नाही. तिथे काम संपलं.

तरी मला लोगो अर्धा मिलिमीटर डावीकडे हवासा वाटत होता. पण कटिंगमध्येच कागद मिलिमीटरभर सरकू शकतो, मग कडेपासूनचं ते अंतर टिकणार कुठे? अशा वेळी जुनी-नवी प्रिंट शेजारी ठेवून दुसऱ्याला फरक विचारा. सांगता आला नाही, तर जुनीच फाइल पाठवा. वेलांटी, भाव किंवा फोन नंबर चुकला असेल, तर मात्र शेवटच्या क्षणीही थांबवा.