थर्मल आणि हिरव्या नाइट व्हिजनच्या शॉटबद्दल

प्रश्न: «घोडबंदर रोडच्या सोसायटीत रात्री बिबट्या येतो, अशी शॉर्ट फिल्म करतोय. वॉचमन आणि बिबट्याचा एक शॉट थर्मल हवा, एक हिरव्या नाइट व्हिजनचा. एडिटरला नुसतं ‘थर्मल लुक दे’ म्हटलं तर फिल्टर मारल्यासारखं दिसतंय. वर्णन नेमकं कसं लिहू?»

हे वाचून आमचा जुना ताप आठवला. नवी मुंबईतल्या एका पोस्ट स्टुडिओने (नाव घेत नाही) आमच्या क्लिपवर सरळ जांभळा-केशरी-पिवळा रंगपट्टा चढवून दिला होता. ट्यूबलाइट सगळ्यात ‘गरम’, पांढरा शर्ट पेटलेला, माणसाचे काळे केस बर्फासारखे थंड आणि गाडीची नंबरप्लेट स्पष्ट वाचता येतेय! हरकत घेतली तर म्हणे, प्रेक्षकाला काय कळतंय. पैसे गेले, तारीखही गेली. प्रेक्षकाला कारण सांगता येत नसेल, पण खोटं आहे हे त्याला लगेच जाणवतं.

साधा थर्मल कॅमेरा उजेड बघतच नाही. वस्तूंमधून निघणारी 8 ते 14 मायक्रॉनची उष्णता तो बघतो. म्हणून वर्णन लिहिताना कशावर किती उजेड पडतो ते विसरा आणि प्रत्येक वस्तू किती गरम यावरून तिचा करडेपणा ठरवा. तुमचा शॉट घेऊन सांगतो. मे महिन्यातली रात्र धरा. आकाश सगळ्यात थंड, म्हणजे काळं. झाडांची पानं त्याहून थोडी उबदार. दिवसभर तापलेली कंपाउंडची भिंत आणि डांबर अजून कोमट, म्हणून मधला करडा. नुकत्याच बंद केलेल्या बाइकचं इंजिन आणि सायलेन्सर सगळ्यात पांढरे. वॉचमनचा चेहरा उजळ, पण नाकाचा शेंडा थोडा मंद आणि डोळ्यांचे कोपरे जास्त उजळ. गणवेश चेहऱ्यापेक्षा मंद. आणि चष्मा असेल तर दोन काळ्या चकत्या, कारण साधी काच ही उष्णता आरपार जाऊ देत नाही. याच कारणाने तो केबिनच्या बंद खिडकीमागे बसला असेल तर थर्मलमध्ये दिसणारच नाही.

बिबट्याचे ठिपके रात्री थर्मलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात, कारण ठिपका आणि बाकीची कातडी सारख्याच तापमानाची असते. दाट केसांची पाठ मंद, चेहरा आणि पोटाकडचा भाग उजळ. डोळे चमकत नाहीत. गेटवरच्या पाटीची रंगवलेली अक्षरंही सहसा पुसली जातात. प्रकाशाने पडणारी सावली तर नसतेच, ती ठेवली की सगळं फसतं.

आता यंत्राच्या खुणा. कडा किंचित मऊ, तपशील कमी (स्वस्त सेन्सर 256×192 चा असतो), त्यावर हलत नसलेल्या बारीक उभ्या रेघा. अधूनमधून चित्र क्षणभर गोठतं, कारण आतलं शटर बंद करून कॅमेरा स्वतःला सुधारून घेतो. ही एक खूण शॉटला इतकं खरं करते की मी ती कधीच सोडत नाही. आणि गरम बाइक फ्रेममध्ये आली की बाकी सगळं आपोआप दबतं, कारण कॅमेरा फ्रेममधल्या तापमानांप्रमाणे आपली पट्टी जुळवून घेतो.

एडिटरला असं लिहून द्या: ‘पांढरं म्हणजे गरम, रंग नको. आकाश काळं, भिंत मधली करडी, चेहरा उजळ, चष्मा काळा, इंजिन सगळ्यात पांढरं. सावल्या आणि अक्षरं पुसा. बाइक आत येताच बाकी फ्रेम दबू दे. भिंतीपाशी बिबट्या दिसण्याआधी चित्र अर्धा सेकंद गोठव.’ शूट करताना सपाट, एकसारखा उजेड ठेवा आणि वॉचमनला साधे करडे कपडे घाला, म्हणजे मास्किंगचं काम निम्मं होतं. माझ्या मते रंगीत पट्टा वापरूच नका. पाळतीच्या शॉटला करडंच शोभतं. वैयक्तिक मत आहे, दिग्दर्शक तुम्ही आहात.

हिरव्या नाइट व्हिजनचं सगळं उलट. त्या यंत्रातली नळी आहे तोच क्षीण प्रकाश वाढवते, म्हणून इथे चंद्राच्या सावल्या हव्यात, बिबट्याचे ठिपके हवेत, पाटीही वाचता येते आणि काचेमागचा वॉचमन दिसतो. झाडांची पानं अपेक्षेपेक्षा फिकट दिसतात, कारण ती जवळचा इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात. दिव्यांभोवती गोल वलय, अंधाऱ्या भागात सतत लुकलुकणारे ठिणगीसारखे कण, आणि गोल चौकट. डोळे चमकायला हवेत, पण लेन्सजवळ इन्फ्रारेड टॉर्च असेल तरच. सोसायटीच्या सीसीटीव्हीचं रात्रीचं चित्र सहसा करडं असतं, त्याला हिरवं करू नका.

जमल्यास मोबाइलला लागणारा थर्मल कॅमेरा भाड्याने आणून एका रात्री सोसायटीच्या गेटवर वॉचमनकाका आणि बाइक बघून घ्या. आणि येऊरच्या जंगलात परवानगीशिवाय रात्री शूटिंगला जाऊ नका, भिंतीचा शॉट सोसायटीतच होतो.